पंधरा वर्षांनी विकायचा फ्लॅट लीजच्या जागेवर घ्यावा का?

*"आम्ही विश्रामबागेत टू बीएचके बघतोय. एक फ्लॅट ३८ लाखांना मिळतोय. एजंट म्हणतो, जागा एका ट्रस्टची आहे, पण ९९ वर्षांचं लीज आहे, काही काळजी नाही. करार १९६८ चा, इमारत १९९१ ची. त्याच रस्त्यावर मालकीच्या जागेवर तेवढाच आणि तितकाच जुना फ्लॅट ४८ लाखांना आहे. मी शिक्षिका, मिस्टर सहकारी बँकेत. पंधरा वर्षांनी निवृत्त झालो की फ्लॅट विकून मुलाजवळ पुण्याला जायचं असं ठरवलंय. दहा लाख वाचतायत तर लीजवरचा घ्यावा का? विकताना अडचण येईल?"*
*— एक वाचक, सांगली*

ताई, विकायचं नक्की असेल तर ३८ लाखांना हा फ्लॅट घेऊ नका. कोणत्या भावाला आणि कोणत्या अटीवर घेता येईल ते पुढे सांगतो, कारण लीजची जागा म्हणजे हात लावायचाच नाही, असं माझं मत नाही.

एजंट ९९ म्हणतो तो आकडा सोडून द्या. घर घेणाऱ्याला करार किती वर्षांचा होता याच्याशी घेणं नसतं, किती वर्षं उरली याच्याशी असतं. पट्टा, म्हणजे हे लीज, १ एप्रिल १९६८ ला सुरू झालं असं धरलं, तर ते ३१ मार्च २०६७ ला संपतं. (नेमकी तारीख करारात बघा. करार नोंदवल्याची तारीख आणि पट्टा सुरू झाल्याची तारीख पुष्कळदा वेगळी असते.) म्हणजे आज हातात साधारण ४२ वर्षं आहेत आणि तुम्ही २०४० मध्ये विकायला काढाल तेव्हा २७ उरतील. तुमचा सौदा ४२ वर्षं विकत घेऊन २७ वर्षं विकण्याचा आहे.

या वर्षांचा पैशात हिशोब करता येतो. मालकीच्या फ्लॅटची किंमत १०० धरा. लीजवाल्याला तेच घर मिळतं, फक्त मुदत संपली की जागा मूळ मालकाकडे जाते. तेव्हा त्या दूरच्या दिवशी जे हातून जाणार, त्याची आजची किंमत १०० मधून वजा करायची. मी पैशावर वर्षाला ९ टक्के परतावा आणि जागेच्या भावात ५ टक्के वाढ धरतो, म्हणजे फरक ४ टक्क्यांचा. हे माझे अंदाज आहेत, तुम्ही वेगळे धरा, पण चित्राचा आकार तोच राहील. या हिशोबाने ९९ वर्षं उरलेली असताना फक्त २ रुपये कमी होतात. ८० वर्षं उरली तर ४, ६० उरली तर साडेनऊ. ४२ वर १९ कमी होतात, २७ वर ३५ आणि १५ वर ५५. पहिली तीस-चाळीस वर्षं पट्टा आणि मालकी यांत भावाचा फरक जवळजवळ दिसतच नाही, म्हणून "लीजने काही होत नाही" असं सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांनी त्यांचा फ्लॅट ८० वर्षं उरलेली असताना विकलेला असतो. खरी घसरण उत्तरार्धात आहे आणि तुमची पंधरा वर्षं बरोबर त्या उतारावर येतात.

आता ४८ लाखांचे ८१ टक्के काढा. ३८ लाख ८८ हजार येतात. म्हणजे विकणाऱ्याने तुम्हाला दहा लाखांची सूट दिलेली नाही. ४२ वर्षांचा कागदावरचा भाव जो होतो, तोच जवळपास मागितला आहे.

मालकीचा फ्लॅट वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत गेला तर २०४० मध्ये तो एक कोटीच्या आसपास असेल आणि लीजवरचा त्याच्या ६५ टक्के, म्हणजे ६५ लाख. आजचा दहा लाखांचा फरक तेव्हा पस्तीस लाखांचा झालेला असेल. मिस्टर बँकेतले आहेत, ते लगेच म्हणतील की वाचलेले दहा लाख तरी कुठे पडून राहणार आहेत? बरोबर आहे. ते साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवले तर पंधरा वर्षांत पावणेसव्वीस लाख होतात, त्यातून कर जाईल. तरी नऊ-दहा लाखांचा खड्डा राहतो. पण दहा लाखांनी कर्जच कमी घेणार असाल आणि व्याजदर ९ टक्के असेल, तर हिशोब साधारण बरोबरीत सुटतो. हे मी लपवत नाही. केवळ गणित बघितलं तर दोन्ही फ्लॅट सारखेच. पारडं झुकतं ते गणितात न आलेल्या गोष्टींनी, आणि त्या सगळ्या एकाच बाजूला आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे २०४० मधल्या गिऱ्हाइकाचं कर्ज. कर्ज फिटल्यानंतरही पट्ट्याची काही वर्षं शिल्लक राहायला हवीत, असं बँका बघतात. किती, ते प्रत्येक बँकेचं वेगळं. समजा बँकेने १५ वर्षं शिल्लक मागितली. आज तुम्हाला ४२ वजा १५, म्हणजे २७ वर्षांपर्यंत कर्ज मिळू शकतं, काहीच अडत नाही. म्हणूनच "बँक कर्ज देतेय म्हणजे जागा ठीक असणार" हा समज इथे फसवतो. बँक तिच्या कर्जापुरतं बघते, तुमच्या विक्रीपुरतं नाही. तुमच्याकडून घेणाऱ्याला २७ वजा १५, फक्त १२ वर्षांचं कर्ज मिळेल. चाळीस लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता ३६ हजार बसतो, बारा वर्षांसाठी साडेपंचेचाळीस हजार. सांगलीत टू बीएचके घेणारं कुटुंब बहुतेक नोकरदार, हप्ता बघून घर ठरवणारं. त्यांतले निम्मे इथेच गळतील. मग उरतात रोखीवाले, आणि रोखीने घेणारा माणूस भाव पाडून मागतो. कागदावरचे ६५ लाख हातात पडताना ५० झाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरी गोष्ट ट्रस्टची परवानगी. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्यातल्या कलम १०८ प्रमाणे करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर पट्टेदाराला आपला हक्क दुसऱ्याला देता येतो. पण वेगळं लिहिलेलं असतंच. "भूमालकाच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतरण करणार नाही" हे कलम जुन्या भाडेपट्ट्यांत सर्रास सापडतं. तुम्ही बघायचं ते संमतीची किंमत. ठरावीक रक्कम लिहिली असेल तर आज ती चहापाण्याइतकी असते. मात्र "वाढीव किमतीचा अमुक हिस्सा" असं असेल तर सावध व्हा. समजा हिस्सा दहा टक्के आहे. तुम्ही ३८ ला घेऊन ६५ ला विकला तर वाढ २७ लाख आणि ट्रस्टचे २ लाख ७० हजार, महागाईने फुगलेल्या नफ्यावरही. आणि सर्वांत त्रासाचं म्हणजे करार रकमेबद्दल गप्प असतो. मग विश्वस्तांची बैठक कधी, ठराव कधी, यावर तुमचं गिऱ्हाईक थांबून राहतं. विकणाऱ्याने स्वतः हा फ्लॅट घेतला तेव्हा ट्रस्टची संमती घेतली होती का, तो कागद मागा. नसेल तर तुमच्या आधीचाच व्यवहार कच्चा आहे.

तिसरी गोष्ट नूतनीकरण. "रिन्यू होतंच हो" हे वाक्य तुम्ही दहा जणांकडून ऐकाल. करारात दोनपैकी एक तऱ्हा असते. एक, "पट्टेदाराने मुदतीपूर्वी लेखी मागणी केल्यास भूमालक आणखी अमुक वर्षांसाठी पट्टा नवा करून देईल." हा हक्क आहे, आणि भुईभाडं, म्हणजे जागेसाठी ट्रस्टला द्यायचं भाडं, कसं ठरेल तेही पुढे लिहिलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. दुसरी, "उभयपक्षी ठरेल त्या अटींवर नूतनीकरण करता येईल." या वाक्यात काहीही नाही. ट्रस्टने नाही म्हटलं की विषय संपला.

तुमच्या प्रकरणात वर आणखी एक पायरी आहे, ती एजंटाला बहुधा माहीतही नसेल. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं हे ३६ वं कलम. म्हणजे सगळे विश्वस्त राजी असले तरी त्यांना एका ठरावाने आणखी ९९ वर्षं देऊन टाकता येत नाहीत. ट्रस्टच्या हिताचं आहे का, मोबदला योग्य आहे का, हे तिथे तपासलं जातं, आणि १९६८ च्या भुईभाड्याला कोणी योग्य म्हणणार नाही. म्हणून १९६८ च्या वेळचा मंजुरीचा आदेश मागा, आणि त्यात नूतनीकरणालाही मंजुरी होती का ते वकिलाकडून वाचून घ्या.

मुदत संपल्यावर इमारतीचं काय, असंही तुमच्या मनात येईल. कायदा पट्टेदाराला त्याने बांधलेलं काढून न्यायची मुभा देतो, जागा होती तशी परत करायच्या बोलीवर. तीन मजली इमारतीला ती मुभा काय कामाची! शिवाय "मुदतीअंती बांधकामासह ताबा" असं करारात लिहिलेलं असू शकतं.

चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत मोठी आहे. १९९१ ची इमारत २०४० मध्ये ४९ वर्षांची होईल. इतक्या जुन्या फ्लॅटची किंमत भिंतींची उरत नाही, खालच्या जमिनीची असते, कारण घेणारा पुनर्विकासाकडे डोळा ठेवून येतो. मालकीच्या जागेवरची सोसायटी स्वतः ठराव करून बिल्डर शोधू शकते. पट्ट्याच्या जागेवर ट्रस्टची संमती लागणार, ट्रस्ट त्यात वाटा मागणार, आणि २७ वर्षांत परत द्यायच्या जमिनीवर कोणता बिल्डर नवी इमारत बांधून फ्लॅट विकायला बसेल? आधी पट्टा वाढवावा लागेल, म्हणजे पुन्हा धर्मादाय आयुक्तांचं दार.

हे सगळं तोंडी विचारत बसू नका, दोन कागद काढा. १९६८ च्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. झेरॉक्सवर विसंबू नका, मागची पानं गायब असतात आणि नूतनीकरणाचं कलम बहुधा तिथेच असतं. दुसरा कागद मिळकत पत्रिका, आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. सिटी सर्व्हेच्या कचेरीत मिळते, महाभूमीच्या संकेतस्थळावरही डिजिटल सहीची निघते.

ती कशी वाचायची ते सांगतो. वर नगर भूमापन क्रमांक आणि क्षेत्र, त्यांच्याच ओळीत "धारणाधिकार" असा रकाना. त्याच्या खाली "हक्काचा मूळ धारक" आणि त्याखाली "पट्टेदार". मग फेरफारांचा तक्ता. त्यात तारीख, व्यवहार आणि एक रकाना, ज्याच्या डोक्यावर "नविन धारक (धा), पट्टेदार (प) किंवा भार (भा)" असं छापलेलं असतं. प्रत्येक नावाला यांतलं एक अक्षर जोडलेलं असतं. तुमच्या पत्रिकेत ट्रस्टचं नाव धारक म्हणून दिसेल. बघायचं ते (प) कोणापुढे आहे. तिथे सोसायटीचं नाव असेल तर ठीक. बिल्डरचं किंवा १९६८ मध्ये जागा घेणाऱ्या गृहस्थांचं नाव अजून तसंच असेल, तर सोसायटीच्या नावावर पट्टा कधी आलेलाच नाही. मग फ्लॅट विकणारा जे विकतोय त्याच्या मुळाशी एक कागद कमी आहे. आणि (भा) म्हणून एखाद्या बँकेचा बोजा दिसला तर तो कमी झाल्याची नोंद पुढे आहे का बघा.

याबरोबर भुईभाड्याची शेवटची पावती मागा. रक्कम वर्षाला हजार-बाराशेच असेल, पण ती थकली असेल तर करारभंगाचं कारण ट्रस्टच्या हातात आहे. आणि ट्रस्टनेच दोन-तीन वर्षं भाडं घेणं बंद केलं असेल, तर तो त्याहून वाईट संकेत. भाडं नाकारणारा भूमालक सहसा वकिलाकडे जाऊन आलेला असतो.

एक खुलासा. तुमच्या ओळखीत कोणी "आम्ही लीजची जागा पैसे भरून मालकीची करून घेतली" म्हणेल. तसं होतं, पण ते सरकारी जमिनीचं. सरकारने भाडेपट्ट्याने किंवा भोगवटादार वर्ग २ म्हणून, म्हणजे विक्रीवर बंधन ठेवून, दिलेल्या जमिनी अधिमूल्य भरून वर्ग १, म्हणजे बंधनमुक्त, करायचे नियम २०१९ मध्ये आले, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. तुमची जमीन ट्रस्टची आहे, तिला तो रस्ता नाही. एमआयडीसीचे भूखंडही वेगळे. तिथे पट्टा ९५ वर्षांचा असतो आणि हस्तांतरणाचे नियम महामंडळाचे. महाबळेश्वरातल्या जुन्या बंगल्यांचे सरकारी पट्टे हा तर तिसराच प्रकार, त्यातले किस्से तुम्हाला लावू नका.

आता भावाचं बोलू. २०४० मध्ये रोखीचं गिऱ्हाईक ५० लाख देईल आणि संमती वगैरेत दीड-दोन लाख जातील असं धरलं, तर मालकीच्या फ्लॅटपेक्षा तुम्हाला ५० लाखांच्या वर कमी मिळतील. त्याची आजची किंमत ९ टक्क्यांनी साधारण चौदा लाख. ४८ मधून वजा केले तर ३४ उरतात, आणि डोकेदुखीचा एक लाख धरून माझा आकडा ३३. याच्यावर देऊ नका, आणि (प) पुढे सोसायटीचं नाव नसेल तर या भावालाही नको.

उलट बाजूही आहे. विकणारा, सोसायटी आणि ट्रस्ट मिळून धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीने पट्ट्याची मुदत वाढवून घेत असतील आणि वाढीचा करार नोंदवून झाल्यावर तुम्ही साठेखत करणार असाल, तर हाच फ्लॅट ४४-४५ लाखांनाही महाग नाही. वाढवलेल्या मुदतीत ८०-९० वर्षं उरली की तो मालकीच्या जवळ जातो. पण "प्रस्ताव दिलाय" यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. आणि तुम्ही दोघं साठीला आलेले असता, आयुष्यभर तिथेच राहायचं असतं, तर मी ३८ लाही हो म्हटलं असतं. तेव्हा विक्रीचा प्रश्नच तुमचा नसता.

राहिला ४८ लाखांचा फ्लॅट. तो मालकीचा आहे हेही सध्या एजंटच म्हणतोय. त्याचीही मिळकत पत्रिका काढा. (धा) म्हणून सोसायटीचं नाव आलंय की अजून बिल्डर किंवा जुना जागामालकच तिथे आहे, ते बघा. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नसलं तरी जागामालकाच्या सहीशिवाय ते मिळवायला सोसायटीला मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, म्हणून त्यावरून फ्लॅट सोडू नका. पण ४८ चे ४६ करून मागायला तेवढं कारण पुरे आहे.